दिवाळी भेटपेटी, पोच वसुबारसेला

हिराला एका जागी बसलेली कुणी पाहिलं असेल, तर त्यानं सालवडच्या चाळीत येऊन शपथेवर सांगावं. जेवतानासुद्धा ती दोनदा उठायची, एकदा स्टोव्ह बघायला आणि एकदा उगीचच. नवरा कमलाकांत म्हणायचा, "तुझ्या पायात भिंगरी हाय." तो बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कारखान्यात पाळीवर जायचा. स्वभावानं शांत, इतका शांत की पंख्याखाली बसल्या बसल्या त्याला झोप लागायची. देवानं जोडी जमवताना एकाची घाई दुसऱ्यात घातली होती, असं चाळ म्हणायची.

ही दोघं मूळची किनाऱ्यावरची. हिराचं माहेर दांडीला. बाप होडीवर, आई रंभाबाई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात. हिरा पाचवी ते सातवी बोईसरच्या शाळेत गेली आणि तिन्ही वर्षं बाकावर एकटी बसली. शेजारी बसणाऱ्या मुली दोन दिवसांत जागा बदलून घ्यायच्या. बाईंनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, "हिरा, तू आंघोळ करून येतेस ना?" ती रोज करायची, थंडीत खाडीचं वारं अंगावर घेत करायची. हे तिनं आईला कधी सांगितलं नाही. पण लग्न झाल्यावर तिनं एक गोष्ट मनाशी पक्की केली. पाटी डोक्यावर घ्यायची नाही. ज्याला कुणी नाक धरणार नाही, असा धंदा करायचा.

तो धंदा म्हणजे दिवाळीचा फराळ. आधी चाळीतल्या चाळीत, मग वसाहतीत नवऱ्यांच्या डब्यांबरोबर, मग त्या डब्यांवरून ओळखी होत होत पालघरपर्यंत. कारखान्यांतली माणसं बिहारची, राजस्थानची, आंध्रची. त्यांना घरचं खायला आवडायचं आणि घरी पाठवायला काहीतरी हवं असायचं. त्यावरून हिराला पेटीची कल्पना सुचली, आणि एक्क्याण्णव सालच्या गणपतीनंतर तिनं कमलाकांतला समोर बसवून पत्रक लिहून घेतलं. त्याचं अक्षर सुरेख. तो लिहीत होता, ती फेऱ्या मारत सांगत होती, आणि तो दर ओळीला म्हणत होता, "जरा उभी तरी राहा."

पालघरच्या छापखान्यातून पिवळ्या कागदावर पत्रक छापून आलं. वर पणतीचं चित्र, खाली 'दिवाळी भेटपेटी'. पेटीत काय मिळेल ते सगळं दिलं होतं. भाजणीची चकली, पातळ पोह्यांचा चिवडा, बेसनाचे लाडू, शंकरपाळे, ओल्या नव्हे तर सुक्या खोबऱ्याच्या करंज्या, कारण ओल्या टिकत नाहीत. शिवाय उटण्याची पुडी आणि दोन पणत्या. प्रत्येक जिन्नस वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड चिकटवून बंद. बाहेरून छापील पुठ्ठ्याची पेटी आणि लाल फीत. मग संदेशाची सोय: आपल्या नावाचं कार्ड आत घालून मिळेल, वीस शब्दांपर्यंत मजकूर, सुवाच्य अक्षरात. शेवटी तारखा. टपालानं बाहेरगावी पाठवायच्या पेट्या दसऱ्यापर्यंत सांगाव्यात, बोईसर-पालघरात हातपोच हवी असेल तर कोजागिरीपर्यंत. त्यानंतर सांगितल्यास दिवाळीआधी पोचेलच, असं सांगता येणार नाही. हातपोच पेट्या वसुबारसेला दुपारपर्यंत मिळतील.

आणि तळाला, जाड ठशात, एक ओळ: 'कांदा-लसूण नाही. शुद्ध शाकाहारी घरात तयार केलेले.'

ही ओळ हिरानं एका रंगाच्या कारखान्याकडे डोळा ठेवून घातली होती. तिथला मालक इतका कडक की त्याच्या कँटीनमध्ये कांदासुद्धा चिरत नसत. आता शाकाहारी घर म्हणजे काय, तर गणपतीपासून हिरानं खोलीत मासळी शिजवणं बंद केलं होतं. कमलाकांत बिचारा तेव्हापासून डाळीवर होता. म्हणजे अगदी खोटं नव्हतं. खरंही फारसं नव्हतं.

दांडीला गेल्यावर तिनं आईला पत्रक वाचून दाखवलं. रंभाबाईनं पदरानं हात पुसून ते हातात घेतलं, उलटं धरलं, सुलटं केलं. शेवटच्या ओळीला तिला हसू आलं.

"आमचं घर शाकाहारी कदीपासून झालं गो?"

"लिवावं लागतं, आये. नायतर मोठी गिऱ्हाइकं घेत नाय."

"लिव, लिव. तुजा बापूस आयकला तं होडीतून उडी मारल," असं म्हणून आईनं पत्रक देवाच्या फोटोमागे नीट खोचून ठेवलं.

दसरा उलटला आणि कोजागिरीच्या आदल्या दिवशी रंगाच्या कारखान्यातून बोलावणं आलं. तिथले आत्माराम सावे कामगारांचं बघायचे आणि दिवाळीच्या भेटींचंही. त्यांच्या टेबलावर हिराचं पिवळं पत्रक होतं. साठ पेट्या, मुंबई आणि वापीच्या व्यापाऱ्यांना देण्यासाठी. प्रत्येकाच्या नावाचं कार्ड वेगळं, प्रत्येकाला दोन आपुलकीची वाक्यं. त्यांची गाडी वसुबारसेला दुपारी निघणार.

"तारीख चुकली तर माझी नोकरी जाणार नाही," सावे म्हणाले, "पण मालक पुन्हा घरगुती माल घेणार नाहीत. गेल्या साली एकानं पाडव्याला काजू आणून दिले. हसं झालं."

"चुकणार नाय साहेब," हिरा म्हणाली, आणि परत येताना रिक्षात न बसता चालत आली, कारण रिक्षात तिच्यानं स्वस्थ बसवलं नसतं. या साठ पेट्या नीट गेल्या की पुढच्या साली वसाहतीतले दहा कारखाने. मग चाळीत मोठी खोली, मग वेगळं स्वयंपाकघर. तिचं डोकं पायांच्याही पुढे पळत होतं.

घोळ झाला तो जागेचा. खोली दहा बाय दहाची. भाजणीचे डबे, तेलाचे डबे, कढई, परात, त्यात कमलाकांत पाय दुमडून झोपणार. साठ पेट्या उभ्या करायला जागाच नव्हती. त्यात शेजारणींची मुलं घरभर. रंभाबाईला कळलं, तशी ती बाजारातून परस्पर सालवडला आली.

"माजी पडवी काय कामाची मंग? तितं भर. मी बी बसतंय भरायला."

हिराला हायसं वाटलं. तिनं पिशव्या खोलीतच बंद केल्या. करवतीच्या पात्यावर पिशवीचं तोंड दुमडायचं, पात्याची धार मेणबत्तीपाशी हलकेच फिरवायची, प्लॅस्टिक वितळून चिकटतं. एखादं भोक राहिलं तर चकली दोन दिवसांत मऊ. म्हणून ती प्रत्येक पिशवी दाबून हवा येते का ते बघायची, आणि कमलाकांतनं दाबलेली पुन्हा दाबायची. मग सगळा माल आणि सपाट पुठ्ठे टेंपोत घालून दांडीला. मायलेकींनी पडवीत बसून पेट्या भरल्या. तळाला शंकरपाळे आणि लाडू, मध्ये चिवडा आणि चकली, वर करंज्या, कारण त्या नाजूक. कोपऱ्यात गवतात गुंडाळलेल्या पणत्या. रंभाबाईला फीत बांधायला आवडलं. तिची बोटं जाळ्याच्या गाठींची, पण फितीचं फूल असं काही जमलं की हिरा म्हणाली, "आये, तू दुकान काढ." आई लाजली. पेट्या तीन रात्री तिथेच राहिल्या, आतल्या खोलीत, धुतलेल्या चादरीवर.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी पेट्या सालवडला आल्या. आता फक्त कार्डं घालायची राहिली होती. कमलाकांतनं ती आधीच लिहून ठेवली होती, पण गठ्ठा पेट्यांबरोबर दांडीला तसाच पडून आला होता. शेजारची चंद्रकांता मदतीला आली. ती राजस्थानातली, नवरा सूतगिरणीत. भाबडी, बोलकी आणि मासळीच्या वाऱ्यालाही न उभी राहणारी. तिनं पहिली पेटी उचलली, फुलाला हात लावून 'कितना सुंदर' म्हटलं, फीत सैल करून झाकण उघडलं आणि थांबली. पेटी खाली ठेवली. दुसरी उचलली. तिचा चेहरा बघून हिरा हातातलं काम टाकून पुढे आली.

"क्या हुआ?"

"दीदी, बुरा मत मानना," चंद्रकांता हळूच म्हणाली. "इसमें मछली की बास है."

हिरानं पेटी नाकाला लावली. पुठ्ठ्याचा वास आला, थोडा डिंकाचा. दुसरं काही नाही. तिनं दुसरी हुंगली, तिसरी हुंगली. कमलाकांतच्या नाकासमोर धरली. तो म्हणाला, "काय नाय गं. पुठ्ठा हाय." बाहेर जाऊन दहा पावलं चालून, खोल श्वास घेऊन, परत आत येऊन तिनं पुन्हा हुंगली. काही नाही. आणि मग तिला भीती वाटली, ती वासाची नव्हती. जो वास सगळ्यांना येतो तो आपल्याला येत नाही, याची होती. बाकावरच्या मुलींनाही तो असाच आला असणार. बाईंनाही.

दांडीत दिवाळीच्या सुमारास बोंबील वाळतात. बांबू-दोरीच्या वलांड्यांवर ओळीनं लटकलेले, सगळ्या गावावर त्यांचा वारा. भिंतींना, चादरींना, लाकडाला तो लागलेलाच असतो. जन्म तिथे गेलेल्या माणसाला तो वास नसतोच, ती हवा असते. पुठ्ठा मात्र परका. त्यानं तीन रात्रीत सगळा पिऊन घेतला होता.

चंद्रकांतानं बिचारीनं नाक कामाला लावलं. पेटीतल्या पिशव्या एकेक काढून हुंगल्या. पिशव्या ठीक होत्या, बाहेरून ओल्या फडक्यानं पुसल्यावर तर काहीच नाही. आतला माल बंद होता म्हणून वाचला. उटण्याच्या पुड्याही पिशवीतल्या, त्याही वाचल्या. पण पुठ्ठा, गवत, फीत, कार्डं आणि कोऱ्या मातीच्या पणत्यासुद्धा, सगळ्यांना बास.

"उदबत्ती लाव," कमलाकांत म्हणाला. लावली. एका पेटीला धुरी दिली. चंद्रकांतानं हुंगून तोंड फिरवलं. आता ती पेटी एखाद्या देवळात बोंबील तळावेत तशी झाली होती. गुलाबपाण्याची गतही तीच.

"जाऊ दे तशाच," कमलाकांत म्हणाला. "त्यांना काय कळतंय."

"चंद्रकांताला कळलं," हिरा म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या.

वाटेत तिनं दोन सबबी तयार केल्या. पुठ्ठ्यावर पाणी सांडलं. उंदरांनी कुरतडलं. पण सावे समोर दिसल्यावर तिच्या तोंडून खरंच निघालं. दांडीला पेट्या ठेवल्या होत्या, वास लागला, आतला माल चांगला आहे, उद्या दुपारपर्यंत साध्या पेट्यांत आणून देते, छापील नसतील, चालतील का.

सावे हे वाडवळ, किनाऱ्यावरच्याच केळव्याचे. घरी बोंबील रोज. ते हसले. "एक आणलीये का? बघू." हिरानं पिशवीतली पेटी काढून दिली. त्यांनी हुंगली. "मला तर नाही येत."

"तुमाला नाय येणार साहेब," हिरा म्हणाली.

"मालकांना येईल," ते म्हणाले. "साध्या पेट्या चालतील, मी सांगतो छापखाना बंद होता म्हणून. दुपारची वेळ मात्र पाळा. आणि हिराताई, पुढच्या वेळी पेट्या इथेच भरा. त्या बाजूला नेऊ नका."

त्या बाजूला. केळव्याचा माणूस दांडीला 'त्या बाजूला' म्हणत होता. हिराला राग आला, पण तो तिथे काढायला तिच्याकडे वेळ नव्हता.

त्या उरलेल्या दिवसात आणि रात्रीत काय झालं ते चाळ अजून सांगते. वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी करणारा एक छोटा कारखाना होता. तो म्हणाला, इतकी थोडी करत नाही. हिरा दारातून हलेना. शेवटी बाटल्यांसाठी केलेली आणि परत आलेली कोरी तपकिरी खोकी त्यानं काढून दिली. ती थोडी मोठी होती, माल आत खडखडला असता. म्हणून तिथल्याच कातरणातल्या कागदाच्या पट्ट्या पोतं भरून आणल्या, पेटीत गादीसारख्या भरायला. स्टेशनरीच्या दुकानातून रंगीत कागद, नवी फीत, नवी कार्डं. कुंभारवाड्यातून नव्या पणत्या. कमलाकांतनं आयुष्यात पहिल्यांदा पाळी बुडवली आणि साठ कार्डं पुन्हा लिहिली. 'आपला व्यवसाय आणि परिवार उजळत राहो' हे वाक्य लिहून लिहून त्याचा अंगठा सुजला. चंद्रकांता दारात बसली होती, आणि तिनं हुंगून मान डोलावल्याशिवाय एकही पेटी बाहेर जात नव्हती.

वसुबारसेला गाडी निघायच्या आत साठ पेट्या कारखान्याच्या दारात पोचल्या. सावेंनी एक उघडून बघितली, करंजी मोडली नव्हती, आणि पोचेच्या कागदावर सही केली. हिरा घरी आली तेव्हा गल्लीत उन्हात तिची आई बसली होती.

रंभाबाई सकाळच्या एसटीनं आली होती. कोजागिरीनंतर सांगितलेल्या किरकोळ गिऱ्हाइकांच्या पेट्या भरायच्या आहेत, हे तिला माहीत होतं. ती उंबऱ्याबाहेर बसली होती, आणि तिच्या बाजूला जिन्याखाली रिकाम्या छापील पेट्यांचा ढीग होता. पणतीचं चित्र असलेल्या. त्यांच्यावरची फितीची फुलं अजून तशीच होती.

"ह्या का काढल्या गो?" आईनं विचारलं.

"ओल्या झाल्या, आये."

आईनं एक पेटी उचलून तळवा फिरवला. कोरडी खणखणीत होती. तिनं ती हुंगली नाही. परत ढिगावर ठेवली, तिचा कोपरा नीट जुळवून.

"मंग मला दे," ती म्हणाली. "सुकट ठेवायला होतील. चित्र बी बरं हाय."

मग हिरानं सांगून टाकलं. "बास लागली होती, आये. आपल्या घराची. मला नाय आली. चंद्रकांताला आली."

"म्हाईत हाय मला." आई ढिगाकडे बघत म्हणाली. "मी चाळीस वरसं एसटीत उभी ऱ्हातंय. बाजूची शीट रिकामी आसली तरी." मग हिराकडे वळून ती म्हणाली, "मी तवा सुकटीचं पोतं शेजारच्या भिकाच्या घरी ठेवलं होतं. भुई सारवली. तू यायच्या आदी हात लिंबानं धुतलं, तीन येळा. नवी साडी नेसलं. मंग बी लागली. आता घरालाच हाय तं मी काय करू?"

कित्येक दिवस धावून हिराचे पाय सुजले होते ते तिला आता कळलं. "आत ये," ती म्हणाली. "लाडू भरायचे हायेत. दहा पेट्या राहिल्यात."

"मी बाहीरच बरी. त्या कागदावर काय लिवलंय तुमच्या. शाकाहारी घर."

"ते मी लिवलंय. चुकलं माझं. आत ये, आये."

तिनं हाताला धरून आईला आत आणलं, पाटावर बसवलं, लाडवांची परात पुढे सरकवली. रंभाबाईनं परातीकडे बघितलं. मग कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या काढल्या, फुंकून उघडल्या आणि एकेक करून दोन्ही हातांत चढवल्या. दातांनी ओढून मनगटाशी लाल फितीची गाठ मारली. ही गाठ तिला उत्तम जमत होती.

"आये, काढ ते," हिरा म्हणाली. तिनं गाठ सोडायला हात पुढे केला.

आईनं हात मागे घेतला. "ऱ्हाऊ दे गो," ती म्हणाली. "लोकांचं हाय." आणि पहिला लाडू तिनं इतका हलकेच उचलला, की प्लॅस्टिकचा आवाजसुद्धा झाला नाही.

हिरा तिच्याजवळ खाली बसली. पुढच्या पेटीचं कार्ड कुठलं, ते कमलाकांतनं दोनदा विचारलं. ती उठली नाही.